कर्सर अडखळतोय? आधी टचपॅडला विचारा

लग्नसराईत ओळखीचा एक फोटोग्राफर लॅपटॉप घेऊन आला. "दादा, माउस हलवला की कर्सर जागच्या जागी थांबतो आणि मग एकदम पुढे जाऊन पडतो. फोटोवर नेमकं काम करताच येत नाही." माउसचा सेल त्याने बदलून पाहिला होता. मग नवा माउस घेतला. मग कुणीतरी सांगितलं की व्हायरस असेल, म्हणून सगळं पुसून विंडोज नव्याने टाकून घेतली. तीन आठवडे आणि बरेच पैसे गेले, कर्सर मात्र तसाच अडखळत होता.

मी विचारलं, "दिवसभर असंच होतं का?"

"नाही ना! दिवसा कधीकधी काहीच नसतं. रात्री फोटो उतरवून घ्यायला बसलो की हमखास सुरू होतं."

या शेवटच्या वाक्यातच निम्मं निदान होतं, पण ते कसं हे कळायला आधी कर्सर हलतो कसा हे समजून घ्यावं लागेल. एकदा ते कळलं की रेडिओचा अडथळा, घाणेरडा सेन्सर आणि ड्रायव्हरचा बिघाड हे तीन दोष वेगळे ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. दोन जाड पुस्तकं आणि लॅपटॉपचा स्वतःचा टचपॅड पुरतो.

हातापासून पडद्यापर्यंत

आपण कुठे आहोत हे माउस लॅपटॉपला कधीच सांगत नाही, कारण ते त्याला माहीतच नसतं. तो फक्त एवढंच सांगतो: मागच्या निरोपापासून मी आडवा इतका सरकलो आणि उभा इतका सरकलो. साध्या माउसकडून असा निरोप सेकंदाला साधारण 125 वेळा जातो, म्हणजे दर 8 मिलिसेकंदांनी एक. लॅपटॉप हे छोटे छोटे आकडे एकात एक मिळवत जातो आणि त्या बेरजेप्रमाणे कर्सर पुढे सरकवतो.

या निरोपाच्या वाटेत तीन टप्पे आहेत. माउसच्या पोटातला सेन्सर किती सरकलो ते मोजतो, म्हणजे निरोप लिहितो. मग माउसमधला छोटा रेडिओ तो निरोप लॅपटॉपला लावलेल्या डोंगलपर्यंत पोचवतो. शेवटी विंडोजमधला ड्रायव्हर तो उघडतो आणि त्यावरून कर्सर हलवला जातो. पत्राचंच उदाहरण घ्या. एखादं पत्र मुळात चुकीचं लिहिलेलं असतं, एखादं बरोबर लिहिलेलं पण वाटेत अडकलेलं असतं, तर एखादं वेळेवर दारात येऊन पडलेलं असूनही कुणी उचललेलं नसतं. तिन्ही वेळा आपण म्हणतो "पत्राचा घोळ झाला", पण प्रत्येक घोळाची खूण निराळी असते.

रेडिओच्या वाटेत निरोप अडकला तर हालचाल सहसा हरवत नाही. पोच आली नाही की माउस निरोप पुन्हा पाठवतो आणि मधल्या वेळात झालेली हालचाल पुढच्या निरोपात मिळवून टाकतो. म्हणून कर्सर आधी थबकतो आणि मग झेप घेतो, पण झेप घेऊन जिथे पडतो ती जागा बहुतेक वेळा बरोबर असते. संपर्क फार वेळ तुटला तर मात्र थोडी हालचाल वाया जाते.

सेन्सर घाण झाला असेल तर उलटं होतं. निरोप अगदी वेळेवर येतात, पण त्यातले आकडेच चुकीचे असतात. हात वीतभर सरकतो आणि कर्सर चार बोटं. किंवा हात स्थिर असताना कर्सर थरथरत राहतो, एका बाजूला वाहत जातो. इथे वेळ बरोबर असते, अंतर चुकतं.

ड्रायव्हरचा किंवा लॅपटॉपच्या आतल्या कामकाजाचा दोष असेल तर लॅपटॉपच अडून बसलेला असतो, त्यामुळे एकट्या माउसवर ते भागत नाही. टचपॅडही अडखळतो, चालू गाण्याचा आवाज तुटतो, व्हिडिओ धक्के देतो.

साक्षीदार टचपॅड

म्हणून पहिली चाचणी पैसे न लागणारी आणि पाच सेकंदांची आहे. कर्सर अडखळत असतानाच, अगदी त्याच क्षणी, माउस सोडा आणि टचपॅडवर बोट फिरवा. टचपॅड लॅपटॉपच्या आत तारेने जोडलेला असतो. त्याला डोंगल लागत नाही आणि माउसच्या सेन्सरशीही त्याचा संबंध नाही. टचपॅडने कर्सर लोण्यासारखा फिरला तर लॅपटॉप बहुधा निर्दोष आहे, दोष माउस किंवा त्याच्या रेडिओत आहे. टचपॅडही अडखळला तर माउस धुऊन पुसून काही उपयोग नाही, बिघाड आत आहे.

"त्याच क्षणी" हे शब्द मी मुद्दाम लिहिले. पुष्कळ जण अर्ध्या तासाने, सगळं सुरळीत असताना टचपॅड फिरवून पाहतात आणि "टचपॅड ठीक आहे" असं सांगतात. त्या साक्षीला अर्थ नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एखादं सॉफ्टवेअर गोठलं, खिडकीवर Not Responding आलं, तरी कर्सर त्या खिडकीवरून सहसा छान फिरत राहतो. त्याचा गोल फिरणारा आकार होतो, पण चाल थांबत नाही. कारण कर्सर बहुधा ग्राफिक्सच्या चिपकडून बाकी चित्राच्या वर वेगळा काढला जातो आणि त्याची जागा विंडोज स्वतः सांभाळते, ते सॉफ्टवेअर नाही. तेव्हा "फोटोचं सॉफ्टवेअर जड आहे म्हणून कर्सर अडखळतो" हे स्पष्टीकरण ऐकायला पटणारं असलं तरी सहसा खरं नसतं. कर्सर स्वतः अडला असेल तर कारण त्या सॉफ्टवेअरच्या खाली कुठेतरी असतं.

दोन पुस्तकांमधला माउस

टचपॅड निर्दोष ठरला की उरतात सेन्सर आणि रेडिओ. यांना वेगळं करायला अंतराचा हिशेब तपासायचा. टेबलावर दोन जाड पुस्तकं अशी ठेवा की मध्ये माउस ठेवल्यावर सुमारे 2 सेंटीमीटर मोकळी जागा उरेल. माउस एका पुस्तकाला टेकवा आणि कर्सर पडद्याच्या मधोमध असलेल्या एखाद्या आयकॉनच्या टोकावर येईल असं पाहा. त्यासाठी लागलं तर माउस उचलून परत ठेवा. आता माउस सावकाश दुसऱ्या पुस्तकापर्यंत न्या, परत आणा. असं दहा वेळा करा.

याआधी एक सेटिंग बंद करायला हवं. विंडोज आणि R ही बटणं एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत हे टाका:

```
main.cpl
```

उघडलेल्या खिडकीत Pointer Options मध्ये जाऊन Enhance pointer precision ची खूण काढा. ती चालू असली की हात वेगाने फिरवल्यावर कर्सर जास्त लांब जातो आणि सावकाश फिरवल्यावर कमी, मग हिशेब जुळणार कसा? अंतर 2 सेंटीमीटरच ठेवायचं कारणही हिशेबाचंच आहे. 1000 डीपीआयचा माउस एका इंचात, म्हणजे 2.54 सेंटीमीटरमध्ये, साधारण 1000 ठिपके कर्सर सरकवतो, तर नेहमीचा पडदा 1920 ठिपके रुंद असतो. 5 सेंटीमीटरमध्ये कर्सर अख्खा पडदा ओलांडेल, कडेला आपटेल, आणि कडेला आपटला की पुढची हालचाल मोजलीच जात नाही. मधोमध सुरुवात केल्यावर 2 सेंटीमीटरमध्येही कर्सर कडेला पोचत असेल तर पुस्तकं आणखी जवळ घ्या किंवा सुरुवात डाव्या बाजूच्या आयकॉनपासून करा.

दहा फेऱ्यांनंतर कर्सर त्याच आयकॉनच्या आसपास आला, वाटेत तो थबकला असला तरी, तर सेन्सर मोजणी नीट करतो आहे आणि संशय रेडिओवर जातो. कर्सर सलग, न थबकता चालला पण दर फेरीला थोडा थोडा सरकत पाव पडदाभर दूर गेला, तर निरोप वेळेवर येताहेत आणि आकडे चुकताहेत. तो सेन्सर. आयकॉनएवढा फरक पडला तर दुर्लक्ष करा, तेवढी चूक चांगल्या माउसकडूनही होते.

फोटोग्राफरचा माउस या चाचणीत अडखळत अडखळत का होईना, परत जागेवर आला. टचपॅड त्याच वेळी सुरेख चालत होता. म्हणजे विंडोज नव्याने टाकणं आणि नवा माउस घेणं, दोन्ही वाया गेलं होतं.

रात्रीच का?

त्याच्या लॅपटॉपच्या डाव्या बाजूला यूएसबीची दोन खोबणी शेजारी शेजारी होती, मध्ये बोटभर अंतर. एकात माउसचं डोंगल, कायमचं. दुसरं दिवसा रिकामं. रात्री त्यात बाहेरची हार्ड डिस्क लागायची आणि लग्नाचे 60 जीबी फोटो तिच्यावर जायचे. अडखळणं सुरू व्हायचं ते तेव्हाच.

डोंगल वापरणारे जवळजवळ सगळे माउस 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. नेमकं सांगायचं तर 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झ. हाच पट्टा ब्लूटूथचा आणि जुन्या, लांब पल्ल्याच्या वायफायचा. पण इथला गुन्हेगार वायफाय नव्हता. यूएसबी 3 ची जोडणी सेकंदाला 5 अब्ज बिट या वेगाने चालते. इतक्या वेगाने तारेत वर-खाली होणाऱ्या विजेतून रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो आणि तो एका ठरावीक सुरात नसून रुंद पट्ट्यावर पसरलेला असतो. त्यात 2.4 गिगाहर्ट्झही येतो. इंटेलने 2012 साली याच विषयावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं. त्यात यूएसबी 3 ची हार्ड डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट जवळपास 20 डेसिबलने, म्हणजे सुमारे शंभर पटीने वाढल्याचं मोजून दाखवलं आहे. गोंगाट खोबणीतून, केबलमधून आणि डिस्कच्या पेटीतूनही बाहेर येतो.

हा गोंगाट गाळून का टाकता येत नाही? कारण तो माउसच्याच पट्ट्यात आहे. वरातीतल्या बँडशेजारी उभं राहून कुणी कानात कुजबुजत असेल तर कान कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. माउसचा रेडिओ तर खरोखरच कुजबुजतो. सेल महिनोन्‌महिने पुरावा म्हणून त्याची शक्ती साधारण एक मिलिवॅट किंवा त्याहूनही कमी ठेवलेली असते. डोंगल बँडच्या पुढ्यात उभं आहे आणि माउस हातभर लांबून बोलतो आहे, अशी ती परिस्थिती होती. निरोप पुन्हा पुन्हा पाठवावे लागत होते, आणि कर्सर थबकून झेपा घेत होता.

तरीही मी एवढ्यावर निकाल दिला नाही. डिस्क लावली की दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात: रेडिओचा गोंगाट वाढतो आणि लॅपटॉपवर कामाचा भारही वाढतो. टचपॅडने भाराचा संशय दूर केला होता, पण मला दुसरा पुरावा हवा होता, आणि तो मिळवण्याची एक छान युक्ती आहे. अशा डिस्कना बहुधा रुंद, दोन भागांचं तोंड असलेली केबल लागते. त्या तोंडाच्या मोठ्या भागात जुन्या फोनची साधी मायक्रो यूएसबी केबलही बसते. ती लावली की डिस्क यूएसबी 2 च्या चालीने चालते. 5 अब्ज बिटांची धावपळ बंद, पण फोटो जाणं चालू. (टाइप सी तोंडाच्या नव्या डिस्कला यूएसबी 2 ची केबल किंवा जुना हब वापरून हेच करता येतं.)

आम्ही तसं केलं. डिस्क तीच, फोटो तेच, डोंगलही त्याच खोबणीत. आधी जे फोटो दहा-अकरा मिनिटांत जायचे त्यांना आता अर्धा तास लागणार असं पडद्यावर दिसू लागलं, पण कर्सर एकदाही अडखळला नाही. केबल बदलून पुन्हा जाड केबल लावली, दोन मिनिटांत झेपा सुरू. एवढं झाल्यावर शंकेला जागा उरत नाही.

उपाय केबलच्या वेगाशी तडजोड करणं हा नव्हे. उपाय म्हणजे डोंगल बँडपासून दूर नेणं. अर्धा ते एक मीटर लांबीची साधी यूएसबी 2 ची एक्स्टेन्शन केबल घ्यायची, तिच्या टोकाला डोंगल लावायचं आणि ते माउसजवळ ठेवायचं. याने दोन फायदे एकदम होतात: डोंगल गोंगाटापासून लांब जातं आणि माउसच्या जवळ येतं. पहिलं अंतर 2 सेंटीमीटरवरून अर्धा मीटर झालं की फरक केवढा पडत असेल, विचार करा. केबल यूएसबी 2 चीच असावी. माउसला त्याहून जास्त वेग लागत नाही आणि ती स्वस्तही असते. केबल नसेल तर डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या खोबणीत लावून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेही भागतं, पण डिस्कची केबल लॅपटॉपवरून वळसा घालून त्याच बाजूला जात असेल तर नाही. टाइप सी चा हब वापरणाऱ्यांनी डोंगल त्या हबमध्ये कधीही लावू नये. पेन ड्राइव्ह, डिस्क आणि पडद्याची केबल सगळं त्याच डबीत असतं.

रेडिओचा दोष आणखी दोन गोष्टींनी होतो. एक म्हणजे संपत आलेला सेल, कारण कुजबुज आणखी हळू होते. म्हणून निदान सुरू करण्याआधी नवा सेल टाका, नाहीतर सगळ्या चाचण्या फसव्या निघतात. दुसरं म्हणजे ब्लूटूथचा माउस. त्याला डोंगल नसतं, त्यामुळे लांब नेण्यासारखं काही नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात, अँटेनाही वाटून घेतात. वायफाय 2.4 गिगाहर्ट्झवर मोठं काही डाउनलोड करत असेल तर माउसच्या वाट्याला वेळ कमी येतो. खात्री करायची तर डाउनलोड चालू असताना मिनिटभर वायफाय बंद करा. कर्सर लगेच सुधारला तर घरच्या राउटरच्या 5 गिगाहर्ट्झच्या नावाला लॅपटॉप जोडा. भिंतीपलीकडे ते जरा कमी पोचतं, पण ब्लूटूथच्या वाटेतून बाजूला होतं.

सेन्सरला काय दिसतं

माउस उलटा केला की तळाशी एक छोटं भोक दिसतं. आत एक अगदी लहान कॅमेरा असतो. साध्या माउसमध्ये त्याचं चित्र 18 गुणिले 18 ठिपक्यांएवढंच असू शकतं, पण तो सेकंदाला हजारावर चित्रं काढतो आणि आधीच्या चित्रातली खरखर नव्या चित्रात किती सरकली ते मोजतो. खरखर दिसावी म्हणून दिव्याचा प्रकाश तिरपा टाकलेला असतो. संध्याकाळच्या उन्हात रस्त्यावरच्या बारीक खड्यांच्याही लांब सावल्या पडतात, तसंच. तुमच्या माउसखाली दिवा दिसत नसेल तर घाबरू नका, अनेक माउसमध्ये तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असतो. फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर पुष्कळदा फिकट जांभळट ठिपका दिसतो.

आता या भोकात एखादा केस किंवा कापसाचा तंतू अडकला असं धरा. टेबल सरकतं, पण केस माउसबरोबरच प्रवास करतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीने तो स्थिर आहे. चित्राचा एक भाग म्हणतो "सरकलो", दुसरा म्हणतो "नाही". सेन्सर मध्यममार्ग काढतो आणि कमी अंतर सांगतो. पुस्तकांच्या चाचणीत हिशेब चुकतो तो यामुळे. पंखा चालू असेल तर हात स्थिर असतानाही केस हलतो आणि कर्सर थरथरतो. पंखा बंद केल्यावर थरथर थांबणारा माउस मी स्वतः पाहिला आहे.

स्वच्छ करताना सेल काढून घ्या. आधी मऊ, कोरड्या ब्रशने भोकातला कचरा बाहेर ओढा. मग कान साफ करायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब लावून भिंग हलकेच पुसा आणि दोन मिनिटं वाळू द्या. काडीचा कापूस सुटून आतच राहिला नाही ना, तेही पाहा. तोंडाने फुंकर मारू नका, त्यातून थुंकीचे कण आत जातात. नेलपॉलिश काढायचं द्रव तर अजिबात वापरू नका. त्यातल्या ॲसिटोनने प्लॅस्टिकचं भिंग कायमचं धुरकट होतं, आणि मग तो माउस टाकूनच द्यावा लागतो.

भोकाइतकंच लक्ष तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांकडे द्या. भिंगापासून टेबल किती अंतरावर असावं हे ठरलेलं असतं, बऱ्याच साध्या सेन्सरमध्ये सुमारे 2.4 मिलिमीटर. पट्ट्यांवर घामाचा आणि धुळीचा काळा थर जमला की माउस थोडा उचलला जातो. एकच पट्टी निघून गेली असेल तर तो एका बाजूला कलतो. दोन्ही वेळा चित्र अंधुक होतं. लाकडी काडीने किंवा नखाने तो थर खरवडून काढा.

आणि पुष्कळदा सेन्सर स्वच्छच असतो, दोष टेबलाचा असतो. काचेतून प्रकाश आरपार जातो, चकचकीत सनमायकावरून तो आरशासारखा परततो, सावली पडतच नाही. माउसखाली साधा पांढरा कागद ठेवा. कागद आपल्याला गुळगुळीत वाटला तरी सेन्सरला त्याचे तंतू दिसतात. कागदावर माउस सुधारला तर साफसफाईची गरज नव्हती, माउसपॅडची होती.

टचपॅडही अडखळला तर

मग लॅपटॉपच्या आत पाहावं लागतं. प्रत्येक उपकरणाला प्रोसेसरचं लक्ष तातडीने हवं असतं: वायफायला, आवाजाला, यूएसबीला. त्यांचे ड्रायव्हर आपली पाळी आली की थोडं काम करून लगेच बाजूला होतात, निदान व्हायला हवेत. एखादा बिघडलेला ड्रायव्हर काउंटरवरच अडून बसला तर मागची रांग थांबते. नेहमीचा पडदा सेकंदाला 60 वेळा बदलतो, म्हणजे दर 16.7 मिलिसेकंदांनी. कुणी 50 मिलिसेकंद अडून राहिलं तर सलग तीन वेळा कर्सर जागचा हलत नाही, आणि तेवढं डोळ्याला जाणवतं.

यात माउसचा ड्रायव्हर क्वचितच दोषी असतो. साधा माउस विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या ड्रायव्हरवर चालतो आणि तो वर्षानुवर्षं घासून पक्का झालेला आहे. "माउसचा ड्रायव्हर अपडेट करा" असं सांगत नेटवर जी मोफत सॉफ्टवेअर मिळतात ती टाकू नका, त्यांनी हा प्रश्न सुटत नाही. खरे संशयित असतात ग्राफिक्सचा आणि वायफायचा ड्रायव्हर. Task Manager उघडून System interrupts ही ओळ पाहा. लॅपटॉप निवांत असताना तिथे शून्याच्या आसपास आकडा हवा. सतत पाच-दहा टक्के किंवा जास्त दिसत असेल तर कुठलंतरी उपकरण अडून बसलं आहे. कोणतं, ते शोधायला एकेक बंद करून पाहा: आधी यूएसबीला लावलेलं सगळं काढा, मग वायफाय बंद करा, मग ब्लूटूथ. एका वेळी एकच, आणि दर वेळी दोन मिनिटं थांबून.

दोष विंडोजच्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर मागे जाणं हा चांगला मार्ग. पुन्हा त्याच चौकटीत हे टाका:

```
devmgmt.msc
```

यादीतल्या Display adapters खालच्या नावावर दोनदा क्लिक करून Driver मध्ये जा आणि Roll Back Driver दाबा. ते बटण फिकं असेल तर जुना ड्रायव्हर साठवलेला नाही. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून घ्या. तिथे Microsoft Basic Display Adapter असं नाव दिसलं तर शोध तिथेच संपला. ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर चालूच नाही आणि सगळं चित्र प्रोसेसर काढतो आहे.

टचपॅड ठीक म्हणजे लॅपटॉप निर्दोष, या नियमाला एक प्रकार मात्र अपवाद आहे. टचपॅड ठीक, माउसही बाकी वेळ ठीक, फक्त मिनिटभर हात काढून परत ठेवला की पहिली हालचाल वाया जाते. हे वीज वाचवणं आहे. माउस स्वतः झोपतो ते थांबवता येत नाही, पण विंडोज यूएसबीला झोपवत असेल तर थांबवता येतं. त्याच Device Manager मध्ये Universal Serial Bus controllers खाली USB Root Hub च्या Power Management मध्ये जाऊन Allow the computer to turn off this device to save power ची खूण काढा. बॅटरी किंचित लवकर उतरेल.

माउसला हात न लावता उडणारा कर्सर

टाइप करता करता कर्सर भलत्याच ओळीवर जाऊन बसतो, याला माउस जबाबदार नसतो. तळहाताची कड टचपॅडला लागते. Settings मध्ये Touchpad खाली Leave touchpad on when a mouse is connected ची खूण काढली की माउस लावलेला असताना टचपॅड बंद राहतो.

आणि चार्जर लावल्यावरच टचपॅडवर कर्सर थरथरत असेल, लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल, तर अर्थिंग तपासा. तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या जोडणीत लावला की तिसरी पिन कुठेच जात नाही, चार्जरमधली थोडी गळती लॅपटॉपच्या अंगावर येते आणि बोटाचा सूक्ष्म विद्युतभार मोजणारा टचपॅड गोंधळतो. चार्जर काढून पाहिलं की निदान होतं. जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असूनही मागे अर्थची तार जोडलेली नसते, ते इलेक्ट्रिशियनकडूनच पाहून घ्या.

फोटोग्राफरने त्याच संध्याकाळी एक मीटरची केबल आणली आणि डोंगल टेबलाच्या कडेला, माउसपॅडच्या वरच्या कोपऱ्यात चिकटपट्टीने लावलं. रात्री त्याचा फोन आला, डिस्कवर दुसऱ्या लग्नाचे फोटो जात होते. "दादा, जुना माउस लावलाय," तो म्हणाला, "तोही नीट चालतोय."